गोडाला न शिवणाऱ्या माणसाची साखर: सांगलीतलं एक प्रकरण

मी सांगलीत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. हे प्रकरण माझ्या दवाखान्यातलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितोय. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. आकडे मात्र त्यांच्या रिपोर्टमधलेच आहेत.

पार्श्वभूमी

सुरेशराव, वय 42. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी. मूळ घर वाळवा तालुक्यात. तिथे थोरले भाऊ ऊस आणि हळदीची शेती बघतात. आईला पंचावन्नाव्या वर्षापासून मधुमेह आहे. आता त्या धाकट्या लेकाकडे सांगलीत असतात. घरी पत्नी वैशालीवहिनी, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा.

सुरेशराव गोड खात नाहीत. पथ्य म्हणून नव्हे, लहानपणापासूनच त्यांना गोड आवडत नाही. चहा बिनसाखरेचा, लग्नात जिलेबी शेजारच्या पानात सरकवायची, साताऱ्याहून कुणी कंदी पेढे आणले तर पुडा न उघडता आईकडे द्यायचा. उंची 168 सेंटिमीटर, वजन 66 किलो. हातपाय बारीक, चेहरा उतरता. शर्ट खोचला की पोट तेवढं पुढे दिसायचं. घरात कुणी त्यांना जाड म्हटलं नव्हतं, मीही नाही.

थोरले भाऊ, म्हणजे दादा, अगदी उलट. वय 49. जेवणानंतर गुळाचा खडा लागतोच. घरच्या उसाची काकवी भाकरीबरोबर वाटीभर. बासुंदी असली की दोनदा. आईचा घोर दादांचा होता. "ह्याला होणार बघा साखर," असं त्या मला कितीदा म्हणाल्या होत्या.

अडचण

यार्डातल्या तपासणी शिबिरात सुरेशरावांच्या बोटातून रक्त घेतलं आणि आकडा आला 238. जेवण होऊन दोन तास झाले होते. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले ते तक्रार घेऊनच, "मशीन खराब होतं."

मी उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, करायला सांगितली. उपाशीपोटी 148, एचबीएवनसी 7.8. मधुमेह ठरवण्याची रेषा उपाशीपोटी 126 आणि एचबीएवनसी 6.5. दोन्ही आकडे रेषेच्या वर होते, त्यामुळे निदानात शंका नव्हती. त्यांनी स्वतःहून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा उपाशीपोटी रक्त दिलं. तिथे आलं 139. दोन लॅबचे दोन आकडे, म्हणजे दोन्ही चुकीचे, असा त्यांनी अर्थ काढला. दोन दिवशी एकाच माणसाची साखर नऊ-दहा अंकांनी वेगळी येणं नेहमीचंच आहे. बघायचं असतं ते दोन्ही आकडे रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत ते.

त्या दिवशी मी जे बोललो, त्याची मला अजून रुखरुख आहे. मी म्हणालो, "सुरेशराव, डायबेटिस आहे. गोड बंद, भात कमी, रोज चालायचं, आणि ही गोळी सकाळ-संध्याकाळ." गोळी मेटफॉर्मिन 500 ची. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, मी गोड खातच नाही. बंद काय करू?"

बाहेर पाचसहा पेशंट थांबलेले होते. मी म्हणालो, "तरी होतो तो." त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर एवढंच.

घरी आई म्हणाल्या, "अवो, ह्यो गोडाला शिवत बी न्हाई, ह्याला कशानं साखर हुईल?" दुकानातल्या एकाने सांगितलं, ही टेन्शनची साखर आहे, सौद्याचा हंगाम संपला की उतरेल. गोळ्या महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. सकाळी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू झाली. घरातली साखर बंद करून सगळ्यांसाठी गूळ आला. गूळ नैसर्गिक, म्हणून चालतो, असं घरात ठरलं. गुळात खनिजं थोडी जास्त असतात हे खरं, पण त्याचा मुख्य भाग उसाचीच साखर आहे आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. सुरेशरावांना त्याने फरक पडला नाही, ते गोड खातच नव्हते. आईंना पडला. त्यांची साखर त्या काळात वर गेली.

सात महिन्यांनी सुरेशराव पाठीवरचं गळू घेऊन आले. तीन आठवडे भरत नव्हतं. रात्री तीनदा लघवीला उठत होते. वजन 62 वर आलं होतं आणि त्याचं घरी कौतुक चाललं होतं. चालायला न जाता, खाणं तेच ठेवून चार किलो उतरतात, तेव्हा साखर लघवीवाटे जात असते आणि शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी मोडून खात असतं. उपाशीपोटी 201, एचबीएवनसी 9.8.

साखर आली कुठून

या वेळी मी त्यांना संध्याकाळी शेवटी बोलावलं, वहिनींना आणि आईंनाही. सुरुवात त्यांच्याच रिपोर्टपासून केली.

"रात्री कधी जेवलात?"

"साडेनऊला."

"रक्त कधी दिलं?"

"सकाळी साडेसातला."

दहा तास पोटात काही नाही. मग सकाळी 201 साखर कुणी खाल्ली? या प्रश्नावर ते पहिल्यांदा गप्प झाले.

ती साखर त्यांच्या यकृताने बनवलेली होती. झोपेत मेंदूला साखर लागते, म्हणून रात्रभर यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडतं. हे प्रत्येकात होतं. किती सोडायची याला लगाम इन्सुलिनचा असतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात चरबी साठली की यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना साखर ओतत राहतं. स्नायूही इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, म्हणून जेवणानंतरची साखर रक्तातच रेंगाळते. स्वादुपिंड काही वर्षं जास्त इन्सुलिन बनवून हे सांभाळून घेतं. ज्यांच्या घराण्यात मधुमेह आहे त्यांच्या स्वादुपिंडाची ही ताकद बहुधा लवकर संपते. ती कमी पडू लागली की रिपोर्टमध्ये आकडा दिसतो. हा टाइप 2 मधुमेह. त्यात जिभेवर काय गोड लागलं हा प्रश्न फार मागे येतो.

आईंनी विचारलं, "पण हा कुठं जाड हाय?" मी टेप काढली. बेंबीच्या पातळीला कंबर 94 सेंटिमीटर भरली. चार किलो उतरल्यावर एवढी, आधी 96 तरी असावी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा 90 ची आहे, बायकांसाठी 80 ची. आपल्याकडची माणसं वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून चरबीची असतात, ही गोष्ट पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी अनेक वर्षं अभ्यासली आहे. 2004 साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तो फोटो मी वहिनींना दाखवला. त्या हसून म्हणाल्या, "हे तर आमच्या घरातलेच दोघे भाऊ."

मग आम्ही भारतीय मधुमेह जोखीम गुणांक मांडला. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने बनवलेल्या या गुणांकात चारच गोष्टी विचारतात: वय, कंबर, हालचाल आणि आईवडील. सुरेशरावांना वयाचे 20 मिळाले, 96 च्या कमरेचे 10, बैठं काम आणि व्यायाम शून्य याचे 30, आईच्या मधुमेहाचे 10. एकूण 70. साठ किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. गोड किती खाता, हा प्रश्न त्यात नाहीच.

दिवसाचं ताट

पण मग खाण्याचा संबंध नाही का? आहे, आणि इथे मला बराच वेळ द्यावा लागला. सुरेशरावांनी आठवडाभर जे खाल्लं ते लिहून आणलं. दिवाणजी माणूस, वही चोख. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि चार खाऱ्या. अकराला दुकानात भडंग. दुपारी तीन चपात्या, भाजी, वर भात-आमटी. पाचला पुन्हा चहा आणि भडंग, कधी वडापाव. रात्री साडेनऊला भाताचं भरलेलं ताट, आणि लगेच झोप. दिवसभर बसून काम. यार्ड ते घर गाडीवर.

त्यात गोड काहीच नव्हतं, पण पिष्ट भरपूर होतं. भडंग चुरमुऱ्यांचा, आणि चुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ. वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पिष्ट, आणि ते फुगवलेलं असल्यामुळे भराभर पचून साखर होतं. तिखटमिठाचं असल्यामुळे ते साखरेशी जोडलं जात नाही. पथ्यवाल्या घरांतही भडंगाचा डबा उघडा राहतो तो म्हणूनच.

बोलून एवढं पटत नाही. म्हणून उपचार सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात आम्ही घरच्या ग्लुकोमीटरवर एक साधी पाहणी केली. गोळ्या आणि वेळ तीच ठेवली. पहिल्या दिवशी उपाशीपोटी 141 होती. नाश्त्याला त्यांचा नेहमीचा मोठा वाडगा भडंग, वजन करून 60 ग्रॅम. दोन तासांनी 226. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी 138, नाश्त्याला फक्त एक कंदी पेढा. दोन तासांनी 171.

यातून पेढा चांगला असा अर्थ कुणी काढू नये. पेढा एक होता आणि भडंग वाडगाभर. चार पेढे खाल्ले असते तर चित्र वेगळं असतं. शिवाय ग्लुकोमीटरचा आकडा थोडा इकडेतिकडे असतोच, त्यामुळे पाचदहाच्या फरकावर काही ठरवता येत नाही. पण 85 ची उडी त्यात विरत नाही. सुरेशरावांनी तो आकडा वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

पर्याय काय होते

एचबीएवनसी 9.8 वर मेटफॉर्मिन एकटी पुरणार नव्हती. काही आठवडे इन्सुलिन देऊन साखर पटकन उतरवायची, हा एक पर्याय. गळू भरत नव्हतं आणि वजन उतरत होतं, त्यामुळे तो मला जवळचा वाटत होता. लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडलं की चरबी मोडून तयार होणारे पदार्थ, निघाले असते तर मी तोच घेतला असता. ते नव्हते. सुरेशराव सुईला घाबरत होते आणि पुन्हा सगळंच सोडतील ही भीती होती. म्हणून दुसरा पर्याय निवडला: मेटफॉर्मिन वाढवत न्यायची, जोडीला दुसरी एक गोळी, गळवावर लगेच उपचार, आणि दोन आठवड्यांत साखर उतरली नाही तर इन्सुलिन. ही अट मी कागदावर लिहून दिली.

फक्त गोळ्या वाढवून पाठवण्याचा तिसरा मार्गही होता. मागच्या वेळी मी तेच केलं होतं.

काय केलं

रात्रीचं जेवण आठला आणलं. दुकानातून घरी यायची वेळ बदलणं सोपं नव्हतं, मालकांशी बोलावं लागलं. भात एक वाटी, त्याआधी उसळ आणि ताटात निम्मी भाजी-कोशिंबीर. चपातीच्या जागी ज्वारीच्या दोन भाकऱ्या. भाकरीही पिष्टच आहे, ती मोजूनच खायची, हे मुद्दाम सांगितलं, कारण भाकरी कितीही चालते हा आणखी एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे. भडंगाच्या जागी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. रविवारी लहान वाटीभर भडंग ठेवला. पूर्ण बंद केला असता तर पंधरा दिवसांत नियमच मोडला असता.

सकाळी आयर्विन पुलापर्यंत जाऊन परत, चाळीस मिनिटं. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं घराजवळ. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून जेवणानंतरचं चालणं जेवणानंतरच्या आकड्यात लगेच दिसतं. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा, कारण मांड्यांचे स्नायू फार बारीक झाले होते. कारल्याच्या रसाला मी विरोध केला नाही. गोळ्यांच्या जागी नको, एवढंच म्हणालो.

वहिनींचा रिपोर्ट

त्या संध्याकाळी निघताना वहिनी दारात थांबल्या. "डॉक्टर, माझं बघायला हवं का? धाकट्याच्या वेळी माझीही साखर वाढली होती. बाळंतपणानंतर गेली म्हणाले."

नऊ वर्षं त्या माझ्याकडे सर्दी-खोकल्याला येत होत्या. मी कधी विचारलं नव्हतं.

गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढे टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो. बाळंतपणानंतर साखर खाली येते हे खरं. पण सहा ते बारा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी आणि मग दर एक ते तीन वर्षांनी तपासणी आयुष्यभर करायची असते. वहिनींची एकदाही झाली नव्हती. जोखीम गुणांकात त्या 50 वर, मध्यम गटात येत होत्या, कारण गुणांक गरोदरपणाचा प्रश्न विचारत नाही. तिथे गुणांकावर विसंबून चालत नाही.

वय 38, कंबर 86. उपाशीपोटी 108, एचबीएवनसी 6.1, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 172. दोन तासांचा आकडा 140 ते 199 मध्ये असला की त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. इथे निर्णय घ्यायचा होता: मेटफॉर्मिन सुरू करायची की चालणं-जेवणावर थांबायचं. भारतात या अवस्थेतल्या लोकांवर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अभ्यास केला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्या गटात 39 जणांना. मेटफॉर्मिनच्या गटाचा आकडाही जवळपास तेवढाच, आणि दोन्ही एकत्र करून वेगळा फायदा दिसला नाही. मी हे जसंच्या तसं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चालणं निवडलं. आकडे वाढले तर गोळी, हे ठरलं.

परिणाम

गळू तीन आठवड्यांत भरलं. सुरेशरावांची साखर दोन आठवड्यांत उतरू लागली, इन्सुलिन लागलं नाही. सहा महिन्यांनी एचबीएवनसी 6.9. वजन 63, म्हणजे एक किलो वाढलेलं, आणि कंबर 94 वरून 89. आईंनी वजन वाढलं म्हणून काळजी केली. त्यांना टेपचा आकडा दाखवावा लागला. दुसरी गोळी वर्षाअखेर बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे.

वहिनींचा निकाल इतका स्वच्छ नाही. वर्षानंतर एचबीएवनसी 5.8, कंबर 82, पण ग्लुकोजनंतरचा आकडा 148. मधुमेहपूर्व अवस्था गेलेली नाही, मागे सरकली आहे.

दादांनाही तपासलं. उपाशीपोटी 94, एचबीएवनसी 5.6, कंबर 82. गूळ-काकवी पचतेय ती शेतातल्या कष्टावर. दादा खूश झाले, पण मी त्यांना गुणांक मांडून दाखवला: वयाचे 20, आईचे 10, कष्टाचं काम असलं तरी वेगळा व्यायाम नाही याचे 20. एकूण 50. पुढच्या वर्षी पन्नाशी आली की वयाचे 30 होतील आणि बेरीज साठवर जाईल. ट्रॅक्टर आल्यापासून कष्ट कमी होतायत हे त्यांनीच सांगितलं. कष्ट कमी झाले आणि काकवीची वाटी तीच राहिली, तर जास्तीचा तो गोडवा पोटावरच साठणार. गोडाचा खरा वाटा हा असा आहे, वजनाच्या आणि कमरेच्या वाटेने येणारा. रोजच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांबाबत तर पुरावा ठाम आहे: त्या पिण्याने टाइप 2 ची जोखीम वाढते. दादांनी वाटी निम्मी केली.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा माझीच. "गोड बंद" हे शब्द मी सवयीने पहिले उच्चारले. त्यामुळे गोडाने मधुमेह होतो हा घरातला समज डॉक्टरच्या तोंडून पक्का झाला, आणि गोड न खाणाऱ्या माणसाने त्यावरून निदानच खोटं ठरवलं. आता नव्या पेशंटशी मी आधी कंबर मोजतो, आईवडिलांचं विचारतो, मग रात्रीच्या जेवणाची आणि सकाळच्या रक्ताची वेळ विचारतो. गोडाचा विषय शेवटी येतो.

दुसरी, महिनाभरानंतर गोळ्या बंद झाल्या तेव्हा. ते परत आले नाहीत हे मला कळायला हवं होतं. नव्या मधुमेहींची वही आता दवाखान्यातल्या सिस्टर सांभाळतात. सहा आठवडे पेशंट दिसला नाही तर फोन जातो.

तिसरी जागा वहिनींची, आणि ती सगळ्यात महाग पडू शकली असती. साधा प्रश्न होता: गरोदरपणात साखर वाढली होती का? तो मी आता दोन मुलांच्या प्रत्येक आईला विचारतो, ती कशासाठीही आली असली तरी.

आणखी एक गोष्ट राहिली होती. मधुमेहाचं नाव निघाल्यापासून आईंनी नातीला वाढदिवसांना केक खायला बंदी केली होती. मुलगी रडायची. नातवावर बंदी नव्हती, "तो बारीक हाय" म्हणून. दोघांना वडिलांकडची आणि आजीकडची जोखीम सारखीच आहे, आणि ज्याच्या वेळी वहिनींची साखर वाढली होती तो मुलगाच, म्हणजे त्याची थोडी जास्त. मी आईंना म्हटलं, केकचा तुकडा दोघांना द्या, आणि संध्याकाळी दोघांनाही मोबाइल सोडून मैदानावर पाठवा. आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ही समदी माज्याकडनंच आली व्हय?"

मी त्यांना सांगितलं, तुमच्याकडून आली ती फक्त शक्यता. बाकीचं खुर्चीने, गाडीने आणि रात्री साडेनऊच्या भाताने केलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं मला वाटलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांची स्वतःची तपासणी आहे, आणि घरातला गूळ आता त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवलाय, असं वहिनींनी फोनवर सांगितलं.